तिथी म्हणजे दिवस नव्हे

१४ नोव्हेंबर २०१६ ची त्रिपुरी पौर्णिमा अनेकांना आठवत असेल. १९४८ नंतर चंद्र पृथ्वीच्या इतक्या जवळ कधी आला नव्हता. अंतर होते ३,५६,५०९ किलोमीटर. वर्तमानपत्रांत मोठ्या चंद्राचे फोटो आले, लोक गच्चीवर गेले. त्यानंतर चार दिवसांनी आमच्या घरात वेगळीच चर्चा सुरू झाली. पुण्याच्या पंचांगात कार्तिक वद्य चतुर्थीचा क्षय होता. गुरुवारी १७ तारखेला सूर्योदयाला तृतीया, शुक्रवारी १८ तारखेला सूर्योदयाला एकदम पंचमी. त्यातच न्यू जर्सीहून आत्येभावाचा फोन आला. तिथल्या वेळेसाठी केलेल्या पंचांगात चतुर्थी जागेवर होती, पण प्रतिपदा नव्हती. लंडनच्या सूर्योदयाने हिशेब केला तर प्रतिपदा आणि चतुर्थी दोन्ही होत्या, गायब होती ती द्वितीया.

"तीन गावं आणि तीन पंचांगं, यातलं खरं कुठलं?" असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता आणि आपल्याकडे दर वर्षी या ना त्या सणाच्या निमित्ताने तो उठतोच. एकादशी दोन दिवस का, अमुक तिथी गेली कुठे, पंचांगकर्त्यांचे आपसात जमत का नाही. माझे म्हणणे असे की त्या आठवड्यात तिन्ही गणिते अचूक होती. चूक आपल्या समजुतीत आहे. आपण तिथीला दिवस समजतो, आणि छापील कॅलेंडरे प्रत्येक तारखेच्या चौकोनात एकच तिथी छापून ती समजूत पक्की करतात.

दिवस म्हणजे काय, हे आपल्याला अंगवळणी पडलेले आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, सूर्य उगवतो, मावळतो, पुन्हा उगवतो. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतच्या या काळाला आपले ज्योतिषग्रंथ सावन दिन म्हणतात. माध्यान्हापासून माध्यान्हापर्यंत मोजला तर हा दिवस वर्षभरात चोवीस तासांपेक्षा फार तर अर्ध्या मिनिटाने कमीजास्त होतो. रोजच्या व्यवहारात तो स्थिरच म्हणायचा.

चंद्राचा दिवस म्हटले की मात्र दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांपुढे येतात आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे एका चंद्रोदयापासून दुसऱ्या चंद्रोदयापर्यंतचा काळ. पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सरासरी पन्नास मिनिटे फिरावे लागते. हा दिवस साधारण २४ तास ५० मिनिटांचा. समुद्राची भरती याच चालीने रोज उशिरा येते. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. हा तोंडी हिशेब याच दिवसावर उभा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तिथी, आणि तिचा या चंद्रोदयांशी संबंध नाही. एका चांद्रमासात सरासरी साडेएकोणतीस सूर्योदय होतात, चंद्रोदय त्याहून एक कमी, आणि तिथी मात्र नेमक्या तीस असतात.

तिथी हा मुळात कोन आहे. अमावास्येच्या अंतक्षणी सूर्य आणि चंद्र आकाशात एकाच रेखांशावर असतात. तिथून चंद्र पुढे निघतो. तो सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की प्रतिपदा संपते, चोवीस अंश झाले की द्वितीया, एकशे ऐंशी झाले की पौर्णिमा. तीनशे साठ अंशांना बारा-बारा अंशांचे तीस टप्पे. या व्याख्येत पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा कुठेही संबंध येत नाही. म्हणून तिथी दुपारी संपेल, मध्यरात्री संपेल, जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या संपेल. आणि ती पुण्यात, लंडनमध्ये आणि न्यू जर्सीत एकाच क्षणी संपते. फक्त त्या क्षणी घड्याळात किती वाजलेत, ते गावागणिक वेगळे.

आता तिच्या लांबीकडे येऊ. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंश १० कला चालतो, सूर्य सुमारे ५९ कला; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. दोघांतले अंतर दिवसाला १२ अंश ११ कलांनी वाढते. बारा अंश वाढायला म्हणूनच दिवसापेक्षा किंचित कमी वेळ पुरतो: २३ तास ३७ मिनिटे. ही मध्यम तिथी. आकाशात ती अशी क्वचितच सापडते, कारण चंद्राची कक्षा लंबवर्तुळ आहे. पृथ्वीजवळच्या टोकाला, म्हणजे नीचस्थानी, चंद्र वेगाने चालतो आणि दूरच्या टोकाला, उच्चस्थानी, रेंगाळतो. सूर्याची भासमान चालही जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जास्त आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत कमी असते, पण तो फरक दिवसाला चार कलांच्या आसपासच. तिथीला ताणणारा आणि आवळणारा मुख्यतः चंद्रच.

त्या त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र अगदी नीचाशी होता. त्याची गती होती दिवसाला सुमारे १५ अंश २० कला. सूर्याची जवळपास एक अंश. अंतर वाढत होते दिवसाला १४ अंश २० कलांनी. या वेगाने बारा अंश पार करायला वीस तास आणि वर काही मिनिटे लागतात. प्रत्यक्षात पौर्णिमा १३ तारखेच्या रात्री सव्वा अकराच्या सुमारास लागली आणि १४ तारखेच्या संध्याकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी संपली. वीस तासांची पौर्णिमा! तिथी याहून फारशी आखूड होऊच शकत नाही. दोन आठवड्यांनी, अमावास्येच्या सुमारास, चंद्र उच्चाजवळ पोचला होता आणि तिथी सव्वीस तासांच्या पुढे गेल्या होत्या. एकाच पक्षाच्या दोन टोकांना सहा तासांचा फरक पडला.

तिथून पुढचा हिशेब कोणालाही कागदावर करता येईल. १४ तारखेच्या संध्याकाळी ७.२२ ला प्रतिपदा लागली. तीही वीस तासांची, म्हणून १५ ला दुपारी साडेतीनला संपली. द्वितीया १६ ला पावणेबाराच्या सुमारास संपली आणि तृतीया १७ ला सकाळी साडेआठच्या आत. शेवट रोज साडेतीन-चार तासांनी अलीकडे सरकतोय, हे लक्षात घ्या. दुपारचा शेवट सकाळवर येतो आणि एके दिवशी तो सूर्योदयाच्या पलीकडे उडी मारतो. चतुर्थी १७ ला सकाळी साडेआठच्या आत लागली तेव्हा पुण्यात सूर्य उगवून दीड तासाहून अधिक झाला होता. ती संपली १८ ला पहाटे पावणेसहाच्या आत आणि १८ चा सूर्योदय होता पावणेसातच्या सुमारास. दोन सूर्योदयांच्या मध्ये ती सुरू झाली आणि संपली. दिवसाला नाव द्यायचे ते सूर्योदयाच्या तिथीचे, असा आपला नियम. या तिथीला एकही सूर्योदय मिळाला नाही, म्हणून तिच्या नावाचा दिवस नाही. क्षय याचा अर्थ एवढाच. एकवीस तास ती आकाशात होतीच. १७ च्या रात्री चंद्र उगवला तेव्हा चतुर्थी चालू होती आणि संकष्टी त्याच दिवशी झाली, कारण संकष्टीला सूर्योदयाची तिथी लागत नाही, चंद्रोदयाची लागते.

वृद्धी याच्या उलट. तिथी पंचवीस-सव्वीस तासांची असेल आणि एका सूर्योदयाच्या जरा आधी लागली असेल, तर ती दुसराही सूर्योदय गाठते आणि दोन दिवसांना तिचे नाव मिळते. मध्यम तिथी दिवसापेक्षा लहान असल्यामुळे वर्षाच्या हिशेबात क्षय वृद्धींपेक्षा जास्त होतात. बारा चांद्रमासांत ३६० तिथी आणि ३५४ दिवस, म्हणजे सहा तिथींचा फरक क्षयांनी भरून निघावा लागतो.

न्यू जर्सीचे कोडे आता आपोआप सुटते. तिथला १४ नोव्हेंबरचा सूर्योदय पौर्णिमेत झाला. प्रतिपदा लागली तिथल्या सकाळी ८.५२ ला आणि संपली दुसऱ्या पहाटे पाचला, सूर्य उगवण्याआधी. लंडनच्या सूर्योदयाने द्वितीयेला असेच मधल्या मधे ठेवले, पुण्याच्या सूर्योदयाने चतुर्थीला. आकाशातली घटना एकच होती. ती कापणाऱ्या सूर्योदयाच्या रेषा वेगळ्या होत्या.

मग परदेशातल्या मराठी घरांनी काय करावे? याबाबत माझे मत स्पष्ट आहे. पुण्या-मुंबईचे कॅलेंडर भिंतीवर लावून त्यातल्या वेळा जशाच्या तशा वाचणे चुकीचे आहे. आत्येभावाचेच उदाहरण घ्या. पुण्याच्या पानावर १८ च्या पहाटेपर्यंत चतुर्थी दिसत होती. ते पान तसेच वाचले असते तर १७ च्या रात्री आठला तो चतुर्थी आहे असे समजला असता. त्याच्या डोक्यावरच्या आकाशात ती संध्याकाळी ७ वाजून ९ मिनिटांच्या सुमारास संपून पंचमी लागलेली होती. भारतातल्या घरच्यांबरोबर एकाच तारखेला सण करायचा, ही भावना मी समजतो. त्यात गैर काही नाही. गणपती सगळ्यांनी एकत्र बसवले तर आनंदच आहे. पण ज्या व्रताचा नियमच सूर्योदयाला किंवा चंद्रोदयाला बांधलेला आहे, तिथे सूर्य आणि चंद्र आपल्या गावचेच धरायला हवेत. दुसऱ्या गावचा सूर्योदय उसना घेऊन पाळलेला नियम तो नियम राहत नाही.

आता जुना वाद. आजही काही जण दृक्पंचांगाविरुद्ध, म्हणजे आकाशात प्रत्यक्ष दिसणाऱ्या स्थितीशी जुळणाऱ्या गणिताच्या पंचांगाविरुद्ध, एक सूत्र पुढे करतात: बाणवृद्धी रसक्षय. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. साठ घटिकांच्या दिवसापेक्षा तिथी फार तर पाच घटिकांनी वाढेल आणि फार तर सहा घटिकांनी घटेल. म्हणजे कमाल ६५ घटिका, सव्वीस तास, आणि किमान ५४ घटिका, एकवीस तास छत्तीस मिनिटे. दृक्गणिताने हीच मर्यादा सप्तवृद्धी दशक्षय अशी येते, सदुसष्ट घटिकांपासून पन्नास घटिकांपर्यंत. विरोधकांचा मुद्दा असा की धर्मशास्त्राचे निर्णय पहिले सूत्र गृहीत धरून झाले आहेत, तेव्हा वीस तासांची तिथी ही तिथीच नव्हे. या भूमिकेमागे एक सच्ची काळजी आहे: ग्रंथाचा आधार सुटला तर प्रत्येक जण आपापले गणित घेऊन उभा राहील. म्हणून तिला टोलवून न लावता उत्तर द्यायला हवे.

५४ आणि ६५ हे आकडे आले कुठून, ते पाहू. जुन्या सिद्धांतांत चंद्राच्या मध्यम स्थानाला एकच मोठी दुरुस्ती आहे, मंदफल, आणि ती जास्तीत जास्त पाच अंशांच्या थोडी वर जाते. त्या दुरुस्तीने नीचस्थानी सूर्य-चंद्रातले अंतर दिवसाला सुमारे तेरा अंश एकवीस कलांनी वाढते, आणि बारा अंशांना बरोबर चोपन्न घटिका लागतात. म्हणजे रसक्षय हा आकाशाचा नियम नाही, तो त्या पाच अंशांतून निघालेला गुणाकार-भागाकार आहे.

आणि पाच अंश का? कारण जुन्या ज्योतिषांनी चंद्र तपासला तो ग्रहणांवर, आणि ग्रहणे होतात फक्त पौर्णिमेला आणि अमावास्येला. कक्षेच्या लंबवर्तुळाकारामुळे चंद्र मध्यम स्थानापासून ६ अंश १७ कलांपर्यंत पुढेमागे होतो. त्याशिवाय सूर्याची ओढ त्या कक्षेचा आकारच थोडा बदलत राहते, आणि त्यामुळे आणखी १ अंश १६ कलांचा फरक पडतो. पौर्णिमा-अमावास्येला हे दोन परिणाम एकमेकांतून वजा होतात, उरतात पाच अंश. अष्टमीच्या सुमारास त्यांची बेरीज होते, साडेसात अंश. पर्वांवर तपासणाऱ्याला पाचच दिसणार. तो बरोबरच पाहत होता, पण महिन्यातल्या दोनच ठिकाणी पाहत होता.

म्हणून "आमच्या जुन्या गणिताने ग्रहणे बरोबर येतात" हे वाक्य कितीही खरे असले तरी ते अष्टमीबद्दल काहीच सिद्ध करत नाही. अष्टमीला जुन्या गणिताचा चंद्र खऱ्या चंद्रापासून अडीच अंश दूर असू शकतो, म्हणजे चंद्राच्या स्वतःच्या बिंबासारखी पाच बिंबे शेजारी शेजारी ठेवली तर जेवढी रुंदी होईल तेवढा. जवळच्या ताऱ्याशी ताडून पाहिले तर इतका फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. वेळेत मोजला तर तिथीच्या शेवटात पाच तासांपर्यंतचा फरक पडतो. आपल्या उदाहरणातही तेच. पौर्णिमेचा शेवट दोन्ही गणितांनी सारखाच धरला, तरी जुन्या रीतीने पुढच्या चार तिथी एकवीस तास छत्तीस मिनिटांच्या वर येतात. मग चतुर्थी १८ ला सकाळी सूर्योदयानंतरही तीन-चार तास रेंगाळते आणि क्षय होतच नाही.

यावर कोणी म्हणेल की मग परंपरा सोडायची का. मला वाटते, परंपरा कोणती ते आधी नीट पाहावे. महाराष्ट्रात शतकानुशतके ज्या ग्रंथावरून पंचांगे झाली तो ग्रहलाघव गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये कोकणातल्या नांदगावी रचला. त्यांनी एकच सिद्धांत डोळे मिटून घेतला नाही. सूर्य सूर्यसिद्धांताचा घेतला, चंद्र त्याच सिद्धांताचा पण नऊ कला कमी करून, गुरू आर्यपक्षाचा, म्हणजे आर्यभटाच्या परंपरेतला. जे आकाशाशी जुळले ते घेतले आणि जुळत नव्हते ते दुरुस्त केले. त्यांच्याही आधी, दहाव्या शतकात, मुंजाल या ज्योतिषाने चंद्राला ती दुसरी, सूर्याच्या ओढीची दुरुस्ती आपल्या लघुमानस या ग्रंथात दिलेली होती. एकोणिसाव्या शतकात ओडिशातल्या खंडपड्याच्या चंद्रशेखर सामंतांनी बांबू-लाकडाची यंत्रे घेऊन, दुर्बिणीशिवाय, हाच फरक स्वतः मोजून काढला. आपल्याकडे केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून नव्या कोष्टकांवरून पटवर्धनी पंचांग सुरू केले. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनेही दृक्गणिताचाच स्वीकार केला, आणि राष्ट्रीय पंचांग त्याच पायावर निघते. वेध घेणे आणि ग्रंथ सुधारणे हीच जर परंपरा असेल, तर १५२० च्या आकड्यांवर थांबून राहणारा माणूसच तिच्यापासून दूर गेला आहे.

आणखी एक गोष्ट या वादात नेहमी विसरली जाते. पंचांगांमधले अयनांशांचे मतभेद तिथीला लागू होत नाहीत. राशी आणि नक्षत्रे कुठून मोजायची, यावर भांडण होऊ शकते. पण तिथी म्हणजे चंद्रातून सूर्य वजा, आणि दोघांचा आरंभबिंदू कुठेही धरला तरी वजाबाकी तीच येते. म्हणून दोन दृक्पंचांगांत तिथीच्या शेवटात काही मिनिटांपलीकडे फरक दिसला, तर तो मताचा नाही, गणिताच्या चुकीचा आहे, आणि वाचकाने तसे विचारावे. हे विचारता यावे यासाठी शेवटची वेळ समोर असावी लागते.

म्हणून माझी मागणी कॅलेंडर छापणाऱ्यांकडे आहे आणि ती अवघड नाही. पंचांगकर्ते तिथीच्या समाप्तीची वेळ देतातच, पूर्ण दिवस टिकणाऱ्या तिथीपुढे अहोरात्र असे लिहितातही. ती वेळ घरोघरच्या मोठ्या कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात, तिथीच्या नावाशेजारी त्याच आकाराच्या अक्षरात यावी. पानाच्या डोक्यावर हे गणित कोणत्या गावच्या सूर्योदयाचे आहे, ते ठळक असावे. नागपूर आणि मुंबईच्या सूर्योदयातही साधारण पंचवीस मिनिटांचे अंतर असते, आणि तिथी त्या पंचवीस मिनिटांत संपली तर एकाच राज्यातल्या दोन शहरांत सूर्योदयाची तिथी वेगळी येते. क्षय तिथी पानावरून नुसती गाळण्याऐवजी आधीच्या चौकोनात तिची सुरुवात आणि शेवट, दोन्ही वेळा द्याव्यात. १७ नोव्हेंबर २०१६ च्या चौकोनात "तृतीया सकाळी साडेआठच्या आत, नंतर चतुर्थी पहाटे पावणेसहाच्या आतपर्यंत" एवढे लिहिलेले असते, तर आत्येभावाने त्यातून साडेदहा तास वजा केले असते आणि त्याला चतुर्थी कधी लागली आणि कधी संपली, ते स्वतःच कळले असते.

चंद्र नीचस्थानी आणि पौर्णिमा पुन्हा एकत्र यायला सुमारे चौदा चांद्रमास लागतात. २०१६ च्या नोव्हेंबरनंतर तसा योग २ जानेवारी २०१८ ला आला. त्या दिवशी मी आणि आत्येभाऊ फोनवर एकमेकांना तिथीच्या वेळा सांगत बसलो होतो, तो त्याच्या पहाटेच्या अंधारात आणि मी माझ्या दुपारच्या उन्हात.